शेजारणीचं ‘छे’, सासऱ्यांचं ‘छे’

आत्याची नात टोरांटोला असते. तिला मराठी ऐकून कळतं, बोलताना अडखळते, वाचायला मात्र येत नाही. मागच्या दिवाळीत ती आली तेव्हा तिनं आजीला समोर बसवून १९९३च्या भूकंपाच्या रात्रीची हकीकत फोनवर रेकॉर्ड करून घेतली. परत गेल्यावर ती मला पाठवली आणि म्हणाली, “मामा, याचं इंग्रजी करून द्या ना, माझ्या नवऱ्यालाही वाचता येईल.” बावीस मिनिटांचं बोलणं. बीदरला तीस वर्षं इंग्रजी शिकवण्यात गेली असल्यामुळे दोन संध्याकाळचं काम, असं मला वाटलं. वाक्यं खरंच दोन संध्याकाळी झाली. अडलं ते वाक्यांच्या अलीकडेपलीकडे पडलेल्या दोनदोन अक्षरांवर. अगं माय, बाप रे, छे, शाब्बास, च्च. बावीस मिनिटांत असे एकेचाळीस उद्गार निघाले आणि त्यांनी माझा सबंध महिना खाल्ला.

आत्याचं गाव भालकी तालुक्यातलं. किल्लारी तिथून पश्चिमेला, सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर. २९ सप्टेंबर १९९३ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून लोक रात्री उशिरा घरी आले, दमून झोपले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर-उस्मानाबादकडे सुमारे १० हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद अशी घरं होती, ती झोपलेल्या माणसांवरच बसली. आत्याच्या गावात घरांना तडे गेले, एकदोन भिंती कलल्या, माणूस मात्र कुणी गेलं नाही. त्यामुळे ती सांगते ती गोष्ट मरणाची नाही, मरण शेजारून गेल्याची आहे. अशा गोष्टीत माणूस वाक्यांपेक्षा उद्गारांनीच जास्त बोलतो.

सुरुवात अशी. उतरंडीची मडकी खडखडली. आत्याला वाटलं मांजर असेल. मग खाट सरकली. आत्याचे यजमान उठून म्हणाले, भूकंप हाय. त्यावर आत्याचे सासरे, म्हणजे तिचे मामंजी, अंगणातल्या बाजेवरूनच म्हणाले, “छे! आपल्याकडं कसला आलाय भुकंप?”

हे पहिलं ‘छे’. शाळेच्या व्याकरणात केवलप्रयोगी अव्ययांच्या यादीत ‘छे’ हा विरोधदर्शक गटात बसवलेला असतो, छट् आणि अंहं यांच्या शेजारी. म्हणून विद्यार्थी त्याचं इंग्रजी बेधडक ‘नो’ करतात. मीही पहिल्यांदा तेच केलं आणि वाचून पाहिलं, तर म्हातारा भलताच मिळमिळीत झाला. इंग्रजी ‘नो’ हे उत्तर आहे, कुणी विचारलं तर द्यायचं. मामंजींना कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांचं ‘छे’ समोरच्याचं बोलणं पुरतं बाहेर यायच्या आत हातानं झटकून टाकतं. त्यात नकार आहे, पण त्याहून जास्त ‘ही गोष्ट विचारात घेण्याजोगीसुद्धा नाही’ असा घरातल्या कर्त्या माणसाचा निकाल आहे.

मग ‘नॉन्सेन्स’ लिहिलं. अर्थानं जवळचं, पण टोपीवाल्या साहेबाच्या तोंडी शोभणारं. शिवाय त्यात समोरच्याला मूर्ख ठरवण्याची एक धार आहे, मामंजींच्या ‘छे’मध्ये ती नव्हती. त्यांचा राग मुलावर नव्हताच, भूकंपावर होता.

इथं मी एक जुनी युक्ती वापरली. केलेलं इंग्रजी वाक्य आत्याच्या नातीला फोनवर ऐकवायचं, मूळ मराठी सांगायचं नाही आणि विचारायचं, असं तुझ्या पणजोबांना म्हणायचं असतं तर मराठीत ते काय म्हणाले असते? ‘नॉन्सेन्स’ ऐकून ती म्हणाली, “काहीतरीच!” हे काही मामंजी नव्हेत. ‘डोन्ट बी सिली’ ऐकून म्हणाली, “वेड्यासारखं बोलू नको.” तेही नव्हे. शेवटी मी उद्गाराच्या जागी उद्गार शोधायचा नादच सोडला आणि वाक्य असं केलं: ‘अॅन अर्थक्वेक? इन दीज पार्ट्स? नेव्हर.’ ती क्षणभर थांबून म्हणाली, “छे, इकडे कुठला भूकंप.” बरोब्बर. मराठीत ज्या जोरानं वाक्य सुरू होतं, तो जोर इंग्रजीत वाक्याच्या शेवटी जाऊन बसला होता. मधल्या दोन प्रश्नचिन्हांनी उरलेलं काम केलं.

उलट अनुवादाची ही परीक्षा सोपी आहे आणि उद्गारांना ती जितकी लागू पडते तितकी इतर शब्दांना पडत नाही. ‘विहीर’ या शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. ‘छे’चा अर्थ तो कुणाच्या तोंडून, कशावर आणि कोणत्या सुरात आला यात असतो. कोश त्या तिन्हींपैकी एकही गोष्ट सांगत नाही.

आता दुसरं ‘छे’. याच्यापायी मी जवळजवळ एका बाईची बदनामी करून बसलो होतो.

भूकंपानंतर उजाडलं, सगळी गल्ली रस्त्यावर बसलेली. आठच्या सुमाराला रेडिओवर किल्लारी, सास्तूर अशी नावं येऊ लागली. आत्याची शेजारीण अक्का, लिंगायत घरातली, माहेर कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदकडचं. आत्या सांगते, “आन् अक्का नुसती छे छे, पाप, पाप म्हनत बसली.”

मी बिनदिक्कत लिहून मोकळा झालो: ती सारखी म्हणत होती, ‘नो, नो, इट्स अ सिन.’ आणि पुढच्या वाक्याकडे गेलोसुद्धा. दोन दिवसांनी सलग वाचताना खटकलं. दहा हजार माणसं मेल्याची बातमी येते आहे आणि ही बाई ते खोटं म्हणते, वर त्यांच्या पापाचं फळ म्हणते? अक्काला मी ओळखत होतो. परक्याच्या पोराला ठेच लागली तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

घोळ असा होता की अक्का कानडीत बोलत होती आणि मी मराठीत ऐकत होतो. कानडीतलं ‘छे’ हळहळीचं आहे. कुणाचं वाईट झाल्याचं कळलं, नको ते घडलं, की कानडी माणसाच्या तोंडून आधी ‘छे’ निघतं. आणि कानडीत ‘पाप’ असं सुटं म्हटलं की त्याचा अर्थ ‘बिचारे’. तिथं पापपुण्याचा हिशेब नसतो, नुसती कणव असते. रडणाऱ्या पोराकडे बघूनही ‘पाप’ म्हणतात. आत्याला कानडी घरच्यासारखी येते, त्यामुळे अक्काचे शब्द तिनं जसेच्या तसे उचलून मराठी वाक्यात ठेवले. मध्ये भाषा बदलल्याचं तिच्या गावीही नव्हतं. आमच्या भागात हे रोजचंच आहे. एका वाक्यात तीन भाषा येतात आणि कुणी मोजत बसत नाही.

गंमत पुढेच आहे. अक्काच्या ‘छे छे’ला इंग्रजीत नेमकं काय? ‘ओह नो’. ‘ओह नो, द पुअर थिंग्ज.’ म्हणजे ज्या मराठी ‘छे’मध्ये खरोखर नकार होता, तिथं इंग्रजी ‘नो’ चाललं नाही, आणि ज्या कानडी ‘छे’मध्ये नकाराचा लवलेश नव्हता, तिथं ‘नो’शिवाय भागलं नाही. कारण इंग्रजी ‘ओह नो’ हाही आता नकार राहिलेला नाही. ‘असं व्हायला नको होतं’ एवढंच त्यात उरलं आहे.

मराठीतही हळहळीचं ‘छे’ नाही असं नाही. बस डोळ्यांदेखत गेली की आपण ‘छे!’ म्हणतोच. पण ती चडफड असते आणि ती आपल्याच नशिबावर. दुसऱ्याच्या दुःखाला मराठी माणूस ‘अरेरे’ म्हणतो, ‘अरे देवा’ म्हणतो, जिभेनं ‘च्च’ करतो. तिथं ‘छे’ म्हटलं तर समोरच्याला वाटेल, याला बातमी पटलेली नाही. शिवाय मराठीत हा शब्द दोनदा म्हटल्यानं जोर वाढतोच असंही नाही. पाहुण्यानं ‘तुम्हाला त्रास दिला’ म्हटल्यावर आपण ‘छे छे, त्रास कसला’ म्हणतो, तेव्हा दुहेरी ‘छे’ एकेरीपेक्षा मऊ असतं. इंग्रजीत त्याला ‘नॉट अॅट ऑल’. रागानं झटकलेलं एकच ‘छे’ त्याहून कितीतरी कडक. आणि एका अक्षराची मात्रा बदलून ‘छी’ झालं की किळस आली, ‘छ्या’ झालं की ‘काय राम नाही यात’ अशी तुच्छता आली. ही तीन भावंडं दिसायला सारखी आहेत, पण एकाची चप्पल दुसऱ्याच्या पायात बसत नाही.

‘छी’वरून आठवलं. आपल्या उद्गारांचं इंग्रजी व्हायची ही काही पहिली वेळ नाही. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६मध्ये ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा कोश काढला. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांच्या बोलीत शिरलेल्या देशी शब्दांचा तो कोश. त्यात हे आपलं ‘छी’ सापडतं, पण कसं? अँग्लो-इंडियन लोकांना हिणवण्यासाठी गोरे ‘ची-ची’ म्हणत, ते या ‘छी’वरून आलं असावं, असं तिथं दिलं आहे. म्हणजे आपण ज्या उद्गारानं पोराला मातीतून उठवतो, त्याची इकडून तिकडे जाईपर्यंत शिवी झाली.

‘बाप रे’ची कथा आणखी मजेची. गोऱ्यांच्या कानाला ‘बाप रे बाप’ हे ‘बॉबरी-बॉब’ असं लागलं आणि त्यातून ‘बॉबरी’ हे इंग्रजी नाम तयार झालं. अर्थ: दंगा, आरडाओरडा. घाबरलेला माणूस बापाला हाक मारत होता, ऐकणाऱ्याला फक्त गोंगाट ऐकू आला, आणि शब्द म्हणून तो गोंगाटच कोशात गेला. भावना कुठल्या कुठे राहिली. त्या कोशाचं नावही असंच बनलेलं आहे. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांनी ऐकला, तोंडात घोळवत घोळवत त्याचं ‘हॉब्सन-जॉब्सन’ केलं. बीदर-कलबुर्गीच्या खेड्यांत मोहरमला पंजे उठतात तेव्हा हिंदू घरातली माणसंही त्यात असतात. ती हाक किती खोलवरून येते हे ज्यानं ऐकलंय, त्याला हे नाव वाचून हसूही येतं आणि कसंसंही होतं.

आत्याच्या रेकॉर्डिंगमध्ये अशी एक हाक आहे. गल्लीतले गवंडीचाचा भिंतीची भेग बघून ‘या अल्ला’ म्हणतात. ते मी तसंच ठेवलं, टोरांटोतल्या माणसाला ते कळतं. मूळ उद्गार तसाच ठेवायचा मोह ‘बाप रे’लाही झाला होता. पण बॉबरीची गत आठवली. ज्याच्या कानात तो कधी पडलेला नाही, त्याला नुसता आवाज देऊन काय मिळणार?

आत्याचे ‘बाप रे’ सहा आहेत. भूकंपाच्या क्षणी मात्र एकही नाही. खाट सरकली तेव्हा ती म्हणाली, “अगं माय!” ठेच लागली की ‘आई गं’ आणि साप दिसला की ‘बाप रे’, असं आपण शाळेच्या निबंधात लिहीत आलो. आमच्याकडं ते तंतोतंत लागू होत नाही. मराठवाड्यात आणि त्याला लागून असलेल्या बीदरात दुखलं तरी माय, दचकलं तरी माय. अंगावर येऊन आदळतं त्याला माय. बाप येतो तो नंतर, जेव्हा झालं ते केवढं होतं हे डोक्यात शिरतं तेव्हा. बाप हा आकाराचा, मापाचा उद्गार आहे. कानडीतही बघा, उत्तर कर्नाटकात वेदनेला ‘यव्वा’ म्हणतात, म्हणजे आईच, आणि थक्क झालं की ‘यप्पा’ किंवा ‘अब्बा’, म्हणजे पुन्हा बापच. मराठी ‘अबब’ त्या ‘अब्बा’च्या शेजारी ठेवून म्हणून पाहा.

‘अगं माय’ला इंग्रजी सोपं गेलं, कारण तिथं वेळ अर्ध्या सेकंदाचा आहे. ‘ओह!’ एवढंच. दचकलेल्या माणसाला त्याहून लांब काही सुचत नाही. त्यातली माय गेली, आणि हाक बाईला आहे हे सांगणारं ‘अगं’ही गेलं. ते परत आणायला इंग्रजीत जागाच नाही. तो तोटा मी सोसला. ‘ओ मदर’ लिहिणं हा त्याहून मोठा तोटा होता.

‘बाप रे’नं मात्र दमवलं. रेडिओवर मेलेल्यांचा आकडा वाढत जातो तिथं आत्या म्हणते, “आकडा वाडतच चालला. बाप रे.” आवाज खाली, ‘रे’ जवळजवळ ऐकूच येत नाही. सहांपैकी सगळ्यात हळू हेच आहे आणि सगळ्यात जड हेच. उद्गाराचा जोर आवाजात असतो असं धरून चालणारा इथं हमखास फसतो, कारण त्याच रेकॉर्डिंगमधलं सगळ्यात मोठ्यानं म्हटलेलं ‘बाऽऽप रे’ हे पत्र्याच्या भावाबद्दल आहे! भूकंपानंतर माळवदाखाली झोपायची कुणाची हिंमत नव्हती, जो तो पत्रे आणायला धावला, त्याची ती गोष्ट. लिहिताना आपण दोन्हीपुढे एकच उद्गारचिन्ह ठोकतो. हे चिन्ह मुळात छापखान्याबरोबर इंग्रजीतून आलं. १९व्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी मराठीला विरामचिन्हं लावून दिली, त्यातलं हे एक. ते हळू आणि मोठ्यानं यांतला फरक दाखवत नाही. म्हणून आकड्यापुढच्या ‘बाप रे’ला मी वर पूर्णविराम दिला आहे.

त्या हळू ‘बाप रे’साठी मी ‘डिअर गॉड’ लिहिलं. वजन जमलं. नातीला ऐकवलं तर ती म्हणाली, “देवा रे.” आणि इथं माझ्या लक्षात आलं की अडचण या एका शब्दाची नाही. इंग्रजीला जोराचा उद्गार काढायचा झाला तर तिच्याकडे दोनच कोठारं आहेत, देव आणि घाण. देवाचं नाव टाळलं की उद्गार हलका होतो. ‘गॉश’ हे ‘गॉड’चंच भिऊन बदललेलं रूप, ‘ब्लायमी’ म्हणजे मुळात ‘देव मला आंधळा करो’, पण आज दोन्ही इतके पोकळ आहेत की दहा हजार मेलेल्यांपुढे उभेच राहू शकत नाहीत. मराठीचं तिसरं कोठार आहे, आईबापाचं. त्यात देव नसतो आणि शिवीही नसते, तरी उद्गार थेट पोटातून येतो. इंग्रजीत ते कोठार जवळपास रिकामं आहे. ‘ओ फादर’ म्हटलं तर वाचणाऱ्याला चर्चमधला पाद्रीच आठवणार.

शेवटी मी लिहिलं: ‘द नंबर केप्ट क्लाइंबिंग. माय गॉड, इट केप्ट क्लाइंबिंग.’ देव घ्यावाच लागला, पण त्याला आकड्याच्या मध्ये दडपून ठेवलं आणि वजन टाकलं ते वाक्य दोनदा येण्यावर. परीक्षेत नात म्हणाली, “वाढतच गेला, बाप रे, वाढतच गेला.” तिच्या तोंडून बाप आला तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

पत्र्याच्या भावाचं ‘बाप रे’ मात्र पाच मिनिटांत सुटलं. ‘अँड द प्राइस ऑफ टिन, डोन्ट आस्क.’ ‘विचारूच नका’ हे आपणही ‘बाप रे’ऐवजी म्हणतोच की. त्यात थोडं हसू आहे, तसं आत्याच्या आवाजातही होतं. एकाच माणसानं, एकाच दिवसाबद्दल, एकाच बैठकीत म्हटलेल्या एकाच शब्दाची ही दोन इंग्रजी रूपं आहेत. दोन्हीकडे ‘ओह माय गॉड’ चालवलं असतं तर कोशाच्या दृष्टीनं चूक कुणी काढली नसती. पण त्या पानावर पत्रे आणि प्रेतं एकाच तराजूत गेली असती.

आता ‘शाब्बास’. हा रेकॉर्डिंगमध्ये दोनदा येतो. सगळे बाहेर पळाले तेव्हा आत्याचा थोरला मुलगा, दहा वर्षांचा, परत आत गेला आणि पाळण्यातल्या धाकटीला उचलून घेऊन आला. आत्या म्हणते, “मामंजी कंदी कुनाला चांगलं म्हनले न्हाईत, पर त्या दिशी म्हनले, शाब्बास.”

हा शब्द फारसीतून आला, ‘शाद बाश’ म्हणजे आनंदी राहा. यूलनं आधी तो ‘शा बाश’ समजून ‘राजा हो’ असा लावला होता, विल्यम क्रूकनं १९०३च्या आवृत्तीत तो दुरुस्त केला. बहमनींची राजधानी आधी गुलबर्गा आणि मग बीदर, दरबाराची भाषा फारसी. त्यामुळे आमच्या मुलखात हा शब्द दख्खनी उर्दूत, कानडीत आणि मराठीत सारखाच मुरलेला. तिन्हींत त्याचा एक नियम आहे, तो वरून खाली जातो. वडील मुलाला, गुरुजी पोराला, वस्ताद पठ्ठ्याला, शेतकरी बैलाला. मुलानं बापाला शाबासकी दिली तर ती थट्टा तरी होते नाही तर उद्धटपणा.

इंग्रजी ‘ब्राव्हो’ खालून वर जातो, नाटकगृहात बसलेल्या प्रेक्षकाकडून रंगमंचाकडे. तो बाद. ‘वेल डन’ कुणीही कुणालाही म्हणतं, कारकून साहेबालाही. त्यातून म्हाताऱ्याचं म्हातारपण येत नाही. ‘गुड बॉय’ हे कुत्र्यालाही म्हणतात, आणि ज्या पोरानं जीव धोक्यात घातला त्याला ते शोभेना. ‘अॅटाबॉय’ अमेरिकन मैदानावरचं. ‘दॅट्स माय बॉय’ जवळ आलं, पण त्यात ‘माझा’ म्हणून मिरवण्याचा भाग जास्त. ‘गुड लॅड’मध्ये मोठ्यानं धाकट्याला म्हटल्याचं आहे, कौतुक आखडतं आहे, जे मामंजींच्या स्वभावाला धरून आहे. पण ‘कंदी कुनाला चांगलं म्हनले न्हाईत’ याचा भार उचलायला ते एकटं कमी पडत होतं.

मला पाठीवरच्या हाताची आठवण झाली. आपण शाबासकीची थाप म्हणतो, आपल्याकडे शब्द आणि हात वेगळे नाहीत. इंग्रजी वाक्यात मामंजींचा हात पोराच्या पाठीवर ठेवला असता तर जोर भरून निघाला असता. पण आत्यानं हात सांगितला नव्हता, आणि अनुवाद करणाऱ्यानं आपल्या पदरचे हातपाय घालू नयेत. मग सरळ फोन केला. “आत्या, मामंजींनी त्या वेळी पाठीवर हात ठेवला होता का?”

ती हसली. “आरं, हात ठिवल्याबिगर शाब्बासकी असती व्हय?”

हात घातला. ‘ही पुट हिज हँड ऑन द बॉइज बॅक. गुड लॅड, ही सेड.’

दुसऱ्या दिवशी त्याच पोरानं दुधाचा गंज लवंडला आणि आत्या स्वतः त्याला ‘शाब्बास!’ म्हणाली, तेही तिनं हसत सांगितलं आहे. हा उपरोधाचा. तो इंग्रजीत सहज जातो, ‘ओह, वेल डन’ म्हटलं की झालं. उपरोधाला खालीवर लागत नाही. म्हणून आदल्या रात्री नापास झालेलं ‘वेल डन’ दुसऱ्या सकाळी पास झालं.

एक उद्गार मी सोडून दिला. अक्का ‘पाप, पाप’ म्हणते त्याच्या आगेमागे आत्या जिभेनं ‘च्च’ करते. इंग्रजीत हा आवाज लिहायचा तर ‘टट’, पण तिथं तो नापसंतीचा मानतात, वर्गात उशिरा आलेल्या पोराला मास्तर करतात तसा. आत्याचा ‘च्च’ कणवेचा होता. शिवाय त्याच रेकॉर्डिंगमध्ये पुढे नात विचारते, “तुम्ही रडलात?” तेव्हाही आत्या ‘च्च’च करते आणि तिथं त्याचा अर्थ ‘नाही’. पहिला ‘च्च’ मी गाळला, कारण ‘पुअर थिंग्ज’मध्ये कणव आधीच आली होती. दुसऱ्याला नुसतं ‘शी शूक हर हेड’ केलं, नातीला तेवढं आठवत होतं.

सगळं मिळून एकेचाळीस उद्गारांपैकी उद्गाराला उद्गार असे सोळा झाले. अकरा वाक्यात विरघळले, एक जशाच्या तसा राहिला, तेरा गळले. गळलेले मी एकदा परत तपासले. तो उद्गार काढून मराठी वाक्य वाचलं आणि काहीच कमी वाटलं नाही, असेच ते होते. आत्या श्वास घ्यायला थांबते तिथं ‘आरं देवा’ म्हणते, त्यातले बरेचसे.

तुमच्या घरी कुणा म्हाताऱ्या माणसाचं असं बोलणं रेकॉर्ड केलेलं असेल आणि ते माणूस अजून असेल, तर उतरवून घेताना प्रत्येक उद्गाराशेजारी समासात चार गोष्टी तेवढ्या लिहून ठेवा: कोण म्हणालं, कशावर म्हणालं, हळू की मोठ्यानं, आणि त्याच्या घरात कोणती भाषा बोलत. अक्का २०११मध्ये गेली. आत्याला कानडी येत नसती तर तिचं ‘पाप’ तसंच राहिलं असतं.